आजीला कळवायचंय: केस मानेपर्यंत केलेत

"मी २४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आजी ७९ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी काका-काकूंकडे असते. माझे केस कमरेच्या खाली होते आणि ते तिनेच वाढवले. दर रविवारी तेल, शिकेकाई, मग पुढ्यात बसवून वेणी. सप्टेंबरात मला डेंग्यू झाला, ते तिला तेव्हा कळवलं होतं. डिसेंबरपासून केस भयंकर गळायला लागले, वेणीची उंदराची शेपटी झाली. जानेवारीत जाऊन मानेपर्यंत कापून आले. आता खरं सांगायचं तर असेच आवडतात, असेच ठेवणार आहे. आजीला अजून माहीत नाही. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. चैत्रात जत्रेला गावी जाणार, त्याआधी तिला छोटं पत्र पाठवायचंय. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. 'डॉक्टरांनी कापायला सांगितले' असं लिहून मोकळी होऊ का? कापलेली वेणी जपून ठेवली आहे, ती सोबत पाठवू का?"

आधी तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं. डॉक्टरांचं नाव घेऊ नकोस आणि वेणी पोस्टानं पाठवू नकोस. वेणीचं नंतर बोलू, डॉक्टरांचं आधी, कारण तुझी चारही पत्रं बहुतेक तिथंच अडली असणार.

'डॉक्टरांनी सांगितलं' हे वाक्य सोपं वाटतं, कारण ते वाचून आजी रागावणार नाही. पण ती काळजीत पडेल. केस कापायला लावण्याइतकं मोठं झालंय तरी काय, हा तिचा पुढचा प्रश्न असेल. काकूला विचारेल, तुझ्या आईला विचारेल, कुठले डॉक्टर म्हणेल. मग माका, ब्राह्मी, जास्वंदीचं तेल असं एकेक सुरू होईल आणि प्रत्येक बाटलीबरोबर 'आता फरक आहे का?' हा प्रश्न येईल. सहा महिन्यांनी केस भरले की ती साहजिकच म्हणेल, आता वाढव. आजारपणासाठी कापले म्हणजे आजार गेल्यावर वाढवायचे, हा हिशोब तूच तिच्या हाती दिलेला असेल. तुला तर असेच ठेवायचे आहेत. म्हणजे आज वाचवलेलं एक वाक्य पुढच्या दिवाळीत सांगावं लागेल, आणि तेव्हा जोडीला खोटंही उघडं पडेल.

शिवाय ते वैद्यकीयदृष्ट्याही खरं नाही. तापानंतर केस का गळतात हे तुला नीट माहीत असलं तर पत्रातला तो परिच्छेद आपोआप सरळ लिहिला जाईल, म्हणून जरा सविस्तर सांगते. डोक्यावरच्या दहा केसांपैकी साधारण नऊ वाढत असतात आणि एक विसाव्याला गेलेला असतो. विसाव्यातला केस दोन-तीन महिने तसाच मुळाशी टिकून राहतो आणि मग गळतो, त्याच्या जागी नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे ते यामुळेच. डेंग्यूसारखा जोराचा ताप आला की एरवी वाढीत असलेले पुष्कळ केस एकाच वेळी विसाव्याला जातात. ते त्याच आठवड्यात गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणून सप्टेंबरातल्या तापाचा हिशोब तुझ्या फणीत डिसेंबरला आला. ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत आपसूक कमी होते आणि केस परत येतात. कापल्यानं ती थांबत नाही आणि न कापल्यानं वाढतही नाही, कारण जे होतंय ते मुळाशी होतंय आणि कात्री लागते टोकाला.

मग कापल्यावर बरं का वाटलं? त्याचं कारण साधं आहे. कमरेखाली जाणारा एक केस धर ८० सेंटीमीटरचा. असे शंभर गळले की ८० मीटर लांबीचा गुंतवळ होतो, न्हाणीघराच्या जाळीवर मुठीएवढा गोळा दिसतो आणि पोटात गोळा येतो. मानेपर्यंतचा केस २५ सेंटीमीटरचा. तेच शंभर केस आता २५ मीटर भरतात. गळणारे केस तितकेच, पण गोळा तिसऱ्या हिश्श्याइतकाच दिसतो. हे तू स्वतःशी मान्य केलंस की पत्रातलं खरं वाक्य सापडतं: गळती थांबवायला नाही, तर ती उंदराची शेपटी रोज हातात धरवेना म्हणून कापले, आणि कापल्यावर आवडले. हे कारण आजीला समजण्यासारखं आहे. ज्या बाईनं वीस वर्षं ती वेणी हातात धरली, तिला ती निम्मी झाल्यावर काय वाटतं हे सांगावं लागणार नाही.

तिला पटेल अशी तुलनाही तिच्याच अनुभवातली आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाईचे केस असेच मूठमूठ जातात. आत घडतंही तेच, पुष्कळ केस एकदम विसाव्याला जातात. तिनं हे स्वतःचं पाहिलंय, सुनांचं पाहिलंय, आणि ते केस परत येतात हेही पाहिलंय. 'बाळंतिणीचे जातात ना, तसेच' एवढे चार शब्द पत्रात टाक. इंटरनेटवरून उचललेल्या अर्ध्या पानाचं काम ते करतील.

आता शब्दांकडे वळू. केस कापल्याची बातमी मराठीत कुठल्या क्रियापदानं सांगतेस यावर बरंच अवलंबून आहे. तुला 'कापले' आणि 'काढले' यांत फारसा फरक वाटणार नाही, तिला वाटेल. 'केस काढले' म्हटलं की जावळ आठवतं, आणि त्या पिढीला त्याहून वाईट आठवतं. नवरा गेल्यावर बायकांचे केस न्हाव्याकडून काढवण्याची रीत महाराष्ट्रात काही जातींमध्ये होती, ती फार जुनी गोष्ट नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी असं वपन करायचं नाकारलं, पण त्यानंतरही ती रीत कितीतरी वर्षं चालू राहिली. तुझ्या आजीनं लहानपणी लाल आलवणातली एखादी म्हातारी घरात किंवा आळीत पाहिलेली असू शकते. 'केस उतरवले' म्हटलं तर नवस बोलली होतीस की काय, असं वाटेल. 'केस गेले' म्हटलं तर टक्कल डोळ्यांपुढे येईल. आणि सौम्य म्हणून 'केस थोडे कमी केले' लिहिलंस तर ती दोन-तीन बोटं टोकं छाटली असं समजेल, आणि दारात तुला पाहून जो धक्का बसेल तो पत्र न लिहिण्यापेक्षा मोठा असेल, कारण आता तिला वाटेल की तू तिला गुंडाळलंस.

म्हणून लिही: 'मी केस कापून मानेपर्यंत केलेत.' कापले हेही आलं आणि किती उरले हेही आलं. लांबी बोटांत सांग. आरशापुढे उभी राहा, केस खांद्याच्या किती वर येतात ते बोटं आडवी धरून मोज आणि तीच संख्या लिही. सेंटीमीटर तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभं करणार नाहीत, चार बोटं करतील.

पुढचा मुद्दा बातमी पत्रात कुठं यावी याचा. बहुतेक जण अशी गोष्ट शेवटी टाकतात, 'आणि हो, एक सांगायचं राहिलं' करून. तसं केलंस तर आधीची सगळी मजकुराची गाडी ती बातमी येईपर्यंत उगाच धावते आणि बातमी आल्यावर काही उरतच नाही. अगदी पहिल्या ओळीतही नको. बऱ्याच दिवसांनी नातीचं हातानं लिहिलेलं पत्र आलं म्हणजे काहीतरी घडलंय, हे आजीच्या मनात पाकीट फोडतानाच येणार. जुन्या पत्रांत 'इकडील सर्व कुशल' हे वाक्य सुरुवातीला असायचं ते एवढ्यासाठीच. पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहायलाही विसरू नकोस. पूर्वी कोणी गेल्याची बातमी असली की त्या पत्रावर 'श्री' घालत नसत, आणि असं पत्र वाचून झाल्यावर घरात न ठेवता फाडून टाकत. तुझ्या वयाला ही निव्वळ सजावट वाटेल. तिची नजर आधी तिथंच जाईल. तेव्हा श्री, मायना, दोन ओळी खुशाली, आणि लगेच केस.

माफीबद्दल मात्र नीट विचार कर. तुझ्या हातून झालेल्या गोष्टी दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या म्हणूनच पत्र फाडावं लागत असेल. केस कापले, ही एक. तिला आधी सांगितलं नाही आणि नंतरही दोन-तीन महिने लपवलं, ही दुसरी. पहिलीची माफी मागायचं कारण नाही. मागितलीस तर 'मग परत वाढव' हे उत्तर तू स्वतःच मागवल्यासारखं होईल. दुसरीची माफी मात्र तिच्याकडे मागायलाच हवी, ती एका ओळीत सरळ माग. 'मला माफ कर गं आजी' असं नुसतं मोघम लिहिलंस तर ती ते कापण्यासाठीच आहे असं समजेल. कशाबद्दल चुकलं ते नाव घेऊन लिही.

पुन्हा वाढवीन, असं वचन देऊ नकोस. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. मानेपासून कमरेपर्यंतचं अंतर तुझ्या उंचीला पन्नास सेंटीमीटरच्या आसपास असेल. म्हणजे आज वाढवायला घेतलेस तरी साडेतीन-चार वर्षं लागतील. ती ८३ वर्षांची होईपर्यंत दर सणाला 'किती आले गं' हे मोजलं जाईल, आणि तू तर मनातून ते वाढवतच नसशील.

तिच्या कष्टांबद्दल काहीतरी लिहावंसं वाटेल, ते लिहीच, पण एकच आणि हाताला लागेल असं लिही. 'तू माझ्यासाठी इतकं केलंस' या वाक्यात तेल नाही, फणी नाही, पाठीला लागणारे गुडघे नाहीत. तुझ्या प्रश्नातच ते आहे: रविवार, तेल, पुढ्यात बसणं. तेच घे, आणि तो रविवार संपलेला नाही हेही सांग. मला वाटतं, या सगळ्यात तिचं खरं दुःख केसांच्या लांबीचं नसेल. तुझं डोकं हातात घेण्याचं तिचं एक काम होतं, ते सुटलं की काय, ही हुरहुर असेल. लांब केसांना अर्धी वाटी तेल लागत असेल तर मानेपर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरतं, कारण आता लांबीला चोपडायचं नाही, फक्त टाळूला मुरवायचं. हा बदल तिला पत्रातूनच कळवलास की तिचं काम तिच्याकडं राहिलं.

खाली एक मसुदा देते. जसाच्या तसा उतरवू नकोस. तुमच्या घरात आजीला 'अगं-तुगं' करता की 'अहो-जाहो', त्याप्रमाणे क्रियापदं बदल. मी 'तू' धरलं आहे.

श्री

पुणे, तारीख

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. ऑफिसला रोज जाते, जेवणखाण वेळेवर आहे. काळजीचं काही नाही.

एक गोष्ट तुला माझ्याच हातानं कळवायची होती. मी केस कापून मानेपर्यंत केलेत. खांद्याच्या वर चार बोटं येतात. जानेवारीत कापले.

सप्टेंबरात मला डेंग्यूचा ताप आला होता, ते तुला माहीत आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी केस गळायला लागले. बाळंतिणीचे जातात ना, तसेच. रोज फणीत मूठभर गुंतवळ निघायचा, वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली. आता गळणं कमी झालंय, कपाळाजवळ नवे केस दिसायला लागलेत. कापले नसते तरी ते थांबलंच असतं. पण तशी वेणी रोज हातात धरवेना, म्हणून कापले. कापल्यावर मला ते आवडले. आता असेच ठेवणार आहे.

कापायच्या आधी तुला सांगितलं नाही आणि नंतरही इतके दिवस गप्प राहिले, ते माझं चुकलं.

रविवारी तू मला पुढ्यात बसवून तेल लावायचीस, ते मला अजून हवंय. आता अर्धी वाटी लागणार नाही, दोन चमचे पुरेल. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं येते. तेलाची बाटली उन्हात ठेवून दे.

वेणी मी जपून ठेवली आहे. तुला हवी असेल तर घेऊन येईन. सोबत फोटो ठेवलाय.

काका-काकूंना नमस्कार.

तुझी,
(नाव)

हे साधारण दीडशे शब्द आहेत. हाताच्या मोठ्या अक्षरात वहीच्या आकाराच्या एका कागदाच्या दोन बाजूंत मावतील. याहून लांब करू नकोस. लांब पत्र म्हणजे बचाव, असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि जिथं बचाव असतो तिथं गुन्हाही असणार.

मसुद्यातली दोन वाक्यं तपासूनच ठेव. 'गळणं कमी झालंय' आणि 'नवे केस दिसायला लागलेत' ही वाक्यं आरशात बघून लिही. भांगाच्या कडेनं आणि कपाळाच्या रेषेवर बोटाच्या एका पेराएवढे, उभे राहणारे, टोकाला निमुळते केस दिसत असतील तर ते नवे आहेत. टोक बोथट असेल तर तो तुटलेला केस. नवे दिसत नसतील तर ती ओळ काढून टाक, आणि गळती सुरू होऊन सहा महिने झाल्यावरही ती तशीच असेल, भांग रुंद होत चालला असेल किंवा कुठं गोल चकती उघडी पडली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. ते बहुधा रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासायला सांगतील. ती तपासणी खरंच केलीस तर मग पत्रात डॉक्टर येऊ दे, 'रक्त तपासलं, ठीक आहे' एवढ्यापुरते.

मसुद्यात काय नाही, तेही बघ. आजकाल सगळ्याच कापतात, हे नाही. मैत्रिणीनं आग्रह केला, हे नाही. लांब केस म्हणजे जुनाट विचार, हे तर नाहीच. पहिल्या दोन वाक्यांनी निर्णय तुझा राहत नाही, आणि तिसरं वाक्य तिच्या वीस वर्षांच्या रविवारांना जुनाट म्हणतं. 'आई काही बोलली नाही' असंही लिहू नकोस. त्यातून फोन जाईल तो आईला, आणि आईनं आधीच माहीत असूनही सांगितलं नाही हा वेगळाच विषय निघेल.

आता कागद आणि पोस्ट. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड या कामाला नको, ते वाटेत आणि घरात सगळेच वाचतात. अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र एरवी छान, पण त्याचा कागद पातळ असतो, मागचं अक्षर पुढं उमटतं, आणि थरथरत्या हातानं उघडताना मजकुरासकट फाटतं. शिवाय त्यात फोटो घालता येत नाही. साधं पाकीट घे, आत आखीव जाडसर कागद. एक ओळ सोडून लिही, अक्षर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लहान नको, काळ्या किंवा गडद निळ्या बॉलपेननं. फिकट जेल पेनचं बारीक अक्षर चष्मा लावूनही म्हाताऱ्या डोळ्यांना संध्याकाळी दिसत नाही, आणि मग पत्र दुसऱ्याला वाचून दाखवावं लागतं. तसं झालंच तरी चालेल असा मजकूर ठेव. काकूनं किंवा शेजारच्या पोरानं ओसरीवर मोठ्यानं वाचलं तरी आजीला अवघडायला होऊ नये, ही कसोटी लावून एकदा स्वतः मोठ्यानं वाचून बघ.

फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचा, छापून घेतलेला. चेहरा समोरून, केसांची लांबी दिसेल इतका खांदा, उजेडात. नुसता पाठमोरा फोटो नको. तू एरवी टिकली लावत असशील, कानात काही घालत असशील तर त्या दिवशीही घाल. वर क्रियापदांबद्दल जे लिहिलं तेच इथंही लागू आहे, चेहरा नेहमीचा दिसला की केस एवढेच वेगळे उरतात.

एक मोठा धोका पोस्टाबाहेरचा आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा फोटो पडला, काकूच्या मुलीनं तो आजीला दाखवला, आणि पत्र तीन दिवसांनी आलं, तर पत्राला काही किंमत उरत नाही. पत्र पोचेपर्यंत कुठंही फोटो टाकू नकोस, आणि ज्या भावंडांना माहीत आहे त्यांना तसं बजावून ठेव. पुण्याहून गावी साधं पत्र जायला कधी तीन दिवस लागतात, कधी आठवडाही जातो. निघायच्या किमान बारा-पंधरा दिवस आधी पेटीत टाक, म्हणजे पत्र पोचल्यावर आजीला रुसायला, काकूशी बोलायला आणि पुन्हा एकदा वाचायलाही चार दिवस मिळतील. हे मधले दिवस फार उपयोगाचे असतात. तेवढ्यात फोन करून 'मिळालं का, काय म्हणाली' विचारू नकोस. पाकिटावर आजीचं नाव 'श्रीमती' किंवा 'सौ.' जे लागू असेल ते आणि पूर्ण नाव घाल, काकांच्या नावे नको. तिच्या नावानं आलेलं पत्र तिनंच फोडावं.

वेणीचं आता. न सांगता आलेल्या पार्सलमधून केस निघाले तर कोणीही दचकेल, आजी तर नक्कीच. शिवाय कापलेल्या केसांबद्दल गावाकडं बरेच समज असतात, त्या वादात जाऊ नकोस. वेणी तुझ्याजवळ नीट ठेव. कापताना दोन्ही टोकांना रबर लावलं असेल तर मुळाकडच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा घट्ट बांध. केसाला मुळाकडून टोकाकडं खवल्यांसारखा थर असतो. सगळे केस एकाच दिशेनं राहिले तर ते सुळसुळीत राहतात, उलटसुलट झाले की खवले एकमेकांत अडकून जट होते. फणीतल्या गुंतवळाची किंमत कमी आणि कापलेल्या सरळ वेणीची जास्त, ती याचमुळे. केस पूर्ण कोरडे आहेत ना बघ, मलमलच्या फडक्यात गुंडाळ, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि वास येतो.

आजी ती वेणी मागेल का? मागू शकेल. तिच्या वयाच्या बायकांनी गंगावनं वापरलेली आहेत, अंबाडा भरीव दिसावा म्हणून, आणि स्वतःचा गुंतवळ साठवून त्याचं गंगावन करून घेणंही त्यांना नवीन नाही. नातीची वेणी तिच्या अंबाड्यात गेली तर तुला चालणार असेल, तर आनंदानं दे. कर्करोगाच्या रुग्णांच्या टोपांसाठी द्यायची असेल तर बऱ्याच ठिकाणी किमान बारा इंच लांबीचे, कोरडे, बांधलेले केस लागतात, तुझे त्यात सहज बसतील. पण तिनं काय ते सांगेपर्यंत थांब, आणि गावी गेल्यावर पिशवीतून स्वतःहून बाहेर काढू नकोस.

शेवटी जत्रेच्या सकाळचं, कारण ती गजरा आणणार आणि 'आता कुठं माळायचा' असं म्हणणार. मानेपर्यंतच्या केसांत गजरा बसतो. अंबाड्याचे लांब आकडे वापरू नकोस, ते आखूड केसांतून सरकून खाली येतात. आदल्या दिवशी दुपारी तिच्याकडून तेल लावून घे, संध्याकाळी शिकेकाईनं धुऊन टाक. सकाळपर्यंत केसांचा निसटतेपणा जातो. मग दोन्ही कानांच्या वरचे केस मागं घेऊन मध्यभागी लहान पण घट्ट रबर लाव. वीतभर गजरा त्या रबराभोवती अर्धगोल ठेव आणि काळ्या चापट पिना दोन-दोन एकमेकींवर फुलीसारख्या घाल, पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे. दोन्ही टोकांना दोन फुल्या आणि मधे एक, अशा सहा पिना लागतील. पिना पुण्याहून घेऊन जा. घालायला मात्र आजीला सांग.